नवीन टीम लीडसाठी: कॅलेंडरमधून सव्वापाच तास कसे निघाले

ऐरोलीतल्या आमच्या ऑफिसात एक सहकारी सपोर्ट टीमची लीड झाली. हाताखाली नऊ जण, क्लायंट अमेरिकेत. दोन महिन्यांतच तिची तक्रार सुरू झाली की टीमला शिकवायला आणि पुढच्या तिमाहीचा विचार करायला वेळच उरत नाही. आम्ही दोघांनी बसून तिचं कॅलेंडर तपासलं. नव्याने लीड झालेल्यांना उपयोग होईल म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

पहिलं काम म्हणजे वेळ किती हवा आहे ते ठरवणं. नऊ जणांना पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास द्यायचा तर आठवड्याला साधारण सव्वादोन तास लागतात. नियोजनासाठी सलग दोन तास धरले. म्हणजे मोकळे करायचे होते सव्वाचार तास. हा आकडा समोर आल्यावर तिचा जीव भांड्यात पडला, कारण तिला वाटत होतं की अर्धा आठवडा रिकामा करावा लागेल.

मग मागच्या चार आठवड्यांचं कॅलेंडर काढलं. एकाच आठवड्यावर जाऊ नका. महिनाअखेरीचा आठवडा निघाला तर चित्र भलतंच दिसतं. शिवाय कॅलेंडरमध्ये न दिसणारा वेळही असतो, "मॅडम, एक मिनिट" म्हणून येणाऱ्यांचा. तो कळावा म्हणून तिने आठवडाभर दर अर्ध्या तासाला वहीत एक ओळ लिहिली. पंचेचाळीस तासांचा हिशेब असा निघाला: मीटिंग एकवीस, रिपोर्ट आणि मेल दहा, टीमचे प्रश्न आणि एस्कलेशन नऊ, स्वतः सोडवलेली तिकिटं चार, आणि वन-ऑन-वन जेमतेम एक तास.

आता प्रत्येक नोंद तातडीचं-महत्त्वाचं या चौकटीत टाकायची. ही चौकट आयझेनहॉवर यांच्या नावाने ओळखली जाते. १९५४च्या एका भाषणात त्यांनी तातडीचे आणि महत्त्वाचे प्रश्न वेगळे असतात हा विचार मांडला होता. गडबड होते ती इथेच. पहिल्या फेरीत तिने जवळजवळ सगळंच "तातडीचं आणि महत्त्वाचं" या घरात टाकलं. म्हणून दोन प्रश्न ठरवले. हे उद्या केलं तर नक्की कोणाचं काय अडेल? आणि या तिमाहीत मी ज्या तीन गोष्टींना जबाबदार आहे, त्यांपैकी कशाशी याचा संबंध आहे? दुसऱ्या फेरीत पहिलं घर बरंच रिकामं झालं. सिस्टिम बंद पडणं तिथेच राहिलं, आणि ते राहायलाच हवं. खरा वेळ खाणारं घर निघालं "तातडीचं, पण महत्त्वाचं नाही" हे. त्यातली तातडी बहुतेक दुसऱ्यांची होती.

त्या घरातल्या तीन गोष्टी आम्ही धरल्या. क्लायंटसोबतचा रोजचा पाऊण तासाचा स्टेटस कॉल एका मोठ्या रिलीजसाठी सुरू झाला होता. रिलीज झालं, कॉल मात्र चालूच. तो मंगळवार आणि गुरुवारवर आणला. सव्वादोन तास सुटले. दोन तासांच्या साप्ताहिक आढाव्यात तिचा विषय पंधरा-वीस मिनिटांचा होता. तिने साहेबांना विचारलं, "महिनाभर माझा विषय पहिला घेऊन बघू या का?" दीड तास सुटला. परस्पर मीटिंग सोडू नका. ठरावीक मुदतीचा प्रयोग म्हणून विचारलं की सहसा नकार येत नाही. रोस्टर आणि शिफ्ट बदलण्याची परवानगी एका सीनियरकडे दिली. आणखी दीड तास. एकूण सव्वापाच.

तिसऱ्या बदलात सुरुवातीला अडचण आली. सीनियर प्रत्येक बदल तिलाच विचारायला लागला, म्हणजे काम दिलं पण अधिकार दिला नाही. मग मर्यादा लिहून दिली: शिफ्टमध्ये किमान तीन जण असतील तर तू ठरव, कमी पडत असतील तरच मला विचार. प्रश्न थांबले. सोपवलेलं काम खरंच गेलं की नाही हे ओळखायची खूण हीच, त्याच विषयावरचे प्रश्न परत येतात का ते बघायचं.

सुटलेला वेळ त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये बांधून ठेवा, नाहीतर आठवड्यात दुसरी मीटिंग तिथे येऊन बसते. ब्लॉक Busy दाखवतो ना, ते तपासा. Free राहिला तर लोकांना ती जागा मोकळीच दिसते. तिने नियोजन बुधवारी सकाळी दहा ते बारा ठेवलं, कारण तेव्हा अमेरिकेत रात्र असते. आधी शुक्रवारी संध्याकाळी ठेवून पाहिलं होतं, पण क्लायंट आठवडा संपवायच्या घाईत असल्यामुळे ते दर वेळी बुडायचं. वन-ऑन-वन दुपारी जेवणानंतर, टीममध्ये शिफ्ट बदलायच्या आधी.

ही तपासणी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा करावी लागते. अमेरिकेतली घड्याळं मागे जातात आणि क्लायंटने लावलेला साडेसहाचा कॉल आपल्याकडे साडेसातला सरकतो. आपल्या वेळेने लावलेल्या मीटिंग मात्र जागेवरच राहतात, त्यामुळे दोन्ही एकमेकांवर चढतात. घड्याळं बदलण्याआधीच्या शुक्रवारी पुढचा आठवडा उघडून ते बघून घ्या.