चिनी नंबरप्लेटवरून प्रांत ओळखा

चीनमधल्या व्हिडिओतली जागा शोधताना गाड्यांच्या नंबरप्लेटचं पहिलं चिनी अक्षर बघा. ते प्रांताचं, आणि पुढचं रोमन अक्षर बहुधा शहराचं. 粤 म्हणजे ग्वांगडोंग. त्यात 粤A ग्वांगझू, तर 粤B शेनझेन. 浙 म्हणजे झेजियांग. आपले व्यापारी माल आणायला जातात ते यिवू शहर याच प्रांतातल्या जिन्हुआ शहराच्या हद्दीत येतं, म्हणून तिथे जिन्हुआचं 浙G. A बहुतेक ठिकाणी प्रांताच्या राजधानीचं असतं. शांघायचं 沪 मात्र एकाच शहराचं, तिथे पुढच्या अक्षरात शहर शोधू नका.

एकाच गाडीवर भिस्त नको, ती परगावची असू शकते. रस्त्याकडेला उभ्या चार-पाच प्लेट जुळल्या तरच धरा. 粤Z ने सुरू होऊन 港 वर संपणारी काळी प्लेट हाँगकाँगच्या गाडीची.