मशीनचे तास कमी, ऑर्डरी जास्त: कोणता माल आधी घ्यायचा?

कॉस्टिंगच्या कामाला नव्याने लागलेल्यांना लिमिटिंग फॅक्टरचं सूत्र पाठ असतं. काँट्रिब्युशन भागिले तुटपुंजा घटक, मग क्रमवारी, मग वाटप. परीक्षेत ते जमतं. प्रत्यक्ष कारखान्यात मात्र कोणता आकडा कुठून उचलायचा आणि क्रमवारी लावून झाल्यावर पुढे काय तपासायचं, इथे गाडी अडते. माझं बरंचसं काम मशीन शॉपच्या मासिक नियोजनाशी जोडलेलं आहे, म्हणून त्यातलंच एक उदाहरण घेऊन सगळं सांगते. आकडे सोयीचे धरले आहेत, प्रश्न मात्र रोज समोर येणारे आहेत.

एका शॉपमध्ये तीन वस्तू बनतात: शाफ्ट, गिअर आणि बुश. तिन्ही एकाच प्रकारच्या सीएनसी मशीनवरून जातात. महिन्याची मागणी आहे ३०० शाफ्ट, ३०० गिअर आणि ५०० बुश. एका शाफ्टला ३ तास लागतात, गिअरला २ आणि बुशला १. म्हणजे एकूण गरज ९०० + ६०० + ५०० = २००० तासांची. हातात आहेत १४०० तास. ६०० तासांची तूट.

हे १४०० तास कसे आले, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. शिफ्ट गुणिले मशीन असा गुणाकार करून आलेला आकडा जवळजवळ नेहमीच फुगलेला असतो. त्यातून सेटिंगचा वेळ, देखभाल आणि टूल बदलण्याचा वेळ वजा करायला हवा. दर नगाचा जो वेळ रूटिंग कार्डावर लिहिलेला असतो, त्यात सेटिंग बहुधा धरलेलं नसतं. खरी अडचण कुठे आहे ते पाहायचं असेल तर शॉपमध्ये एक चक्कर मारावी. ज्या मशीनपुढे अर्धवट माल साचलेला दिसतो आणि ज्याच्या पुढचा माणूस काम येण्याची वाट पाहत उभा असतो, तिथेच बहुतेक वेळा तुमचा लिमिटिंग फॅक्टर असतो.

आता आकडे.

| | शाफ्ट | गिअर | बुश |
|---|---|---|---|
| विक्री किंमत | ९०० | ७०० | ४०० |
| बदलता खर्च | ५४० | ३८० | २६० |
| नगामागे काँट्रिब्युशन | ३६० | ३२० | १४० |
| नगामागे तास | ३ | २ | १ |
| तासामागे काँट्रिब्युशन | १२० | १६० | १४० |

विक्री विभागाची नजर तिसऱ्या ओळीवर असते. शाफ्टमागे ३६० सुटतात, तेव्हा आधी सगळे शाफ्ट काढा, मग गिअर. तसं केलं तर ३०० शाफ्ट ९०० तास खातात, उरलेल्या ५०० तासांत २५० गिअर होतात आणि बुश एकही नाही. काँट्रिब्युशन १,०८,००० + ८०,००० = १,८८,०००.

शेवटच्या ओळीप्रमाणे गेलं तर क्रम उलटतो: गिअर, बुश, शाफ्ट. ३०० गिअरना ६०० तास, ५०० बुशना ५०० तास, उरलेल्या ३०० तासांत १०० शाफ्ट. काँट्रिब्युशन ९६,००० + ७०,००० + ३६,००० = २,०२,०००. फरक १४,००० चा. स्थिर खर्च १,५०,००० धरला तर नफा ३८,००० वरून ५२,००० वर जातो. त्याच मशीन, तीच माणसं, तोच महिना. विकायला नग कमी नाहीत, तास कमी आहेत, म्हणून कमाई तासावर मोजायची. एवढंच याचं कारण आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो स्थिर खर्चामुळे, म्हणून इथे जरा थांबते. समजा, ओव्हरहेडचा दर नेहमीचे १२०० तास धरून ठरवलेला आहे: १,५०,००० भागिले १२००, म्हणजे तासाला १२५. कॉस्ट शीटवर शाफ्टच्या नावावर ३७५ चा ओव्हरहेड चढतो, आणि ३६० काँट्रिब्युशन असलेला शाफ्ट नगामागे १५ तोट्यात दिसतो. मग मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, तोट्याचा माल कशाला काढायचा, बंद करा. बंद केला तर गिअर आणि बुशची मागणी आधीच पूर्ण झालेली असल्यामुळे ३०० तास रिकामे पडतात, ३६,००० चं काँट्रिब्युशन जातं, आणि १,५०,००० चा स्थिर खर्च जिथल्या तिथे राहतो. नफा ५२,००० चा १६,००० होतो. म्हणून क्रमवारी लावताना कॉस्ट शीटची शेवटची ओळ न बघता वरच्या ओळींतून बदलता खर्च वेगळा काढावा.

तो वेगळा काढतानाही मजुरीवर नीट नजर हवी. ऑपरेटर महिन्याच्या पगारावर असेल आणि काम असो-नसो त्याला तेवढेच पैसे मिळत असतील, तर त्याची मजुरी या निर्णयापुरती स्थिर आहे. ती नगामागे वजा केली की ज्या वस्तूला जास्त वेळ लागतो तिचं काँट्रिब्युशन उगाच कमी दिसतं. मजुरी तासावर किंवा नगावर मिळत असेल तर मात्र वजा करायलाच हवी. कॉस्ट शीटमध्ये दोन्हींना ‘प्रत्यक्ष मजुरी’च म्हटलेलं असतं, त्यामुळे पगार कसा ठरतो हे तुम्हालाच विचारून घ्यावं लागतं.

आता खऱ्या नियोजनात येणारी पहिली अट. शाफ्टच्या एका ग्राहकाला १५० नग द्यायचा करार झालेला आहे. अशा वेळी करारातला माल क्रमवारीच्या बाहेर काढायचा आणि त्याचे तास आधीच बाजूला ठेवायचे. १५० शाफ्टना ४५० तास गेले, ९५० उरले. त्यात ३०० गिअरचे ६०० आणि उरलेल्या ३५० तासांत ३५० बुश. काँट्रिब्युशन ५४,००० + ९६,००० + ४९,००० = १,९९,०००.

म्हणजे करारामुळे ३,००० कमी झाले. हा आकडा मी नेहमी वेगळा लिहून देते, कारण व्यवस्थापनाला निर्णय घ्यायला तोच उपयोगी पडतो. तो पडताळायचा सोपा मार्ग आहे: आपण आपणहून १०० शाफ्ट काढणारच होतो, करारामुळे ५० जास्त काढावे लागले. त्यांनी १५० तास बुशकडून घेतले, आणि दर तासाला १४० ऐवजी १२० मिळाले. १५० गुणिले २० बरोबर ३,०००. करार मोडण्याचा दंड किंवा ग्राहक गमावण्याचं नुकसान यापेक्षा मोठं असेल, आणि बहुतेक वेळा ते असतंच, तर करार पाळणं हेच फायद्याचं.

याच मांडणीतून दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर निघतं: जादा तासासाठी किती मोजावं? ओव्हरटाइम किंवा भाड्याच्या मशीनचा प्रस्ताव आला की नवखा माणूस सरासरी काढायला जातो. एकूण काँट्रिब्युशनला तासांनी भागतो. तो आकडा इथे निरुपयोगी आहे. पुढचा एक तास मिळाला तर त्यात काय काढू, एवढंच विचारायचं. करार धरून केलेल्या योजनेत १५० बुश राहून गेले आहेत, म्हणून पुढचा तास १४० चा. हे फक्त पहिल्या १५० तासांपुरतं. त्यानंतर बुशची मागणी संपते आणि उरलेले १५० शाफ्ट येतात, तेव्हा तास १२० वर उतरतो, तो आणखी ४५० तास. ६०० तासांनंतर पूर्ण मागणी भागलेली असते आणि पुढच्या तासाची किंमत शून्य. हा दर नेहमीच्या बदलत्या खर्चाच्या वरचा आहे, कारण तो खर्च काँट्रिब्युशन काढताना एकदा वजा झालेला आहे. भाड्याची मशीन तासाला १३० जादा पडत असेल तर ती १५० तासांसाठी घ्यावी, ६०० तासांसाठी नाही.

शेवटची तपासणी बरेच जण करत नाहीत. क्रमवारीची पद्धत एकाच घटकाची टंचाई धरून चालते. म्हणून तयार योजना बाकीच्या घटकांत बसते का, हे पाहायलाच हवं. करार बाजूला ठेवून पहिल्या योजनेकडे परत येऊ: ३०० गिअर, ५०० बुश, १०० शाफ्ट. स्टील लागतं शाफ्टला ४ किलो, गिअरला ८, बुशला २. पूर्ण मागणीला ४६०० किलो हवं आणि मिळतंय ४०००. कागदावर स्टीलही कमी आहे. पण आपल्या योजनेला लागतं फक्त ४०० + २४०० + १००० = ३८०० किलो. ते बसतं, म्हणजे योजना जशीच्या तशी योग्य. दोन घटक मागणीला अपुरे दिसले म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही.

स्टील ३४०० किलोच मिळालं तर मात्र योजना बसत नाही. किलोमागे काँट्रिब्युशन काढलं तर शाफ्टला ९०, बुशला ७०, गिअरला ४०. तासांच्या क्रमवारीत शेवटचा असलेला शाफ्ट इथे पहिला, आणि तिथला पहिला गिअर इथे शेवटचा. त्या क्रमाने गेलं तर तास पुरत नाहीत. दोन क्रमवाऱ्या अशा भांडू लागल्या की रेषीय प्रोग्रॅमिंग हाच मार्ग. स्प्रेडशीटमधला सॉल्व्हर हे काम करतो.

त्याचं उत्तर आंधळेपणाने घेऊ नका, हाताने ताडून पाहा. ३ गिअर सोडले तर ६ तास आणि २४ किलो मोकळे होतात. त्या ६ तासांत २ शाफ्ट होतात, त्यांना ८ किलो पुरतात. म्हणजे तास तेवढेच राहून १६ किलो वाचले, आणि काँट्रिब्युशन ९६० वरून ७२० झालं, २४० कमी. किलोमागे १५. बुश सोडून शाफ्ट घेतले तर वाचणारा किलो ३० ला पडतो, तेव्हा बुशला हात लावायचा नाही. आपल्याला ४०० किलो वाचवायचे आहेत, म्हणजे ७५ गिअर कमी आणि ५० शाफ्ट जास्त: २२५ गिअर, १५० शाफ्ट, ५०० बुश. तास १४००, स्टील ३४००, दोन्ही पुरेपूर. काँट्रिब्युशन १,९६,०००. आणि खरेदी विभागाने विचारलं की नेहमीच्या दरापेक्षा किती जास्त देऊन स्टील आणू, तर उत्तर तयार आहे: किलोला १५ पर्यंत, आणि ४०० किलोपर्यंतच.