पातळ, असमान ओठांना लायनर लावताना या चुका टाळा

लायनरने ओठ भरीव दाखवायला जाताना सगळ्यात जास्त बिघडतं ते कोपऱ्यांत. बहुतेक जणी मूळ कडेच्या बाहेरून रेघ ओढताना ती या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सारख्याच अंतरावर नेतात. पण कोपऱ्याशी ओठ मुळातच निमुळता असतो आणि हसताना, बोलताना तिथली त्वचा सारखी दुमडते, त्यामुळे बाहेरची रेघ तिथे लगेच उघडी पडते. म्हणून कड फक्त मध्यभागी ओलांडा: वर दोन्ही उंचवट्यांवर, खाली बरोबर मधोमध. कोपऱ्याकडे जाताना रेघ हळूहळू मूळ कडेला आणून मिळवा.

ओलांडायची ती एक मिलिमीटरच. ओठाच्या कडेला त्वचेचा बारीकसा उभार असतो. रेघ त्याच्यावर राहिली तर ओठाचाच भाग वाटते. त्याच्या पलीकडे गेली की खालचा त्वचेचा पोत आणि लव दिसू लागते. समोरून आरशात हे कळत नाही. खिडकीशी उभं राहून चेहरा थोडा वळवा, तिरप्या उजेडात चूक लगेच दिसते.

असमान ओठांत आणखी एक घोळ होतो. एक बाजू वाढवली, मग दुसरी कमी वाटली म्हणून तीही वाढवली, असं करत दोन्ही बाजू हाताबाहेर जातात. समजा, वरच्या ओठाचा डावा उंचवटा उजव्यापेक्षा दीड मिलिमीटर खाली आहे. आरसा डोळ्यांच्या पातळीवर ठेवा, तोंड सैल सोडा. हसऱ्या किंवा आवळलेल्या ओठांवर माप चुकतं. आधी फक्त ठिपके द्या: डावीकडे कडेच्या एक मिलिमीटर वर, उजवीकडे अर्धा मिलिमीटर आत. ठिपके एका उंचीवर दिसले की मगच जोडा. उजवीकडे उरलेल्या कडेवर बारीक ब्रशने कन्सीलर लावून पावडर दाबा. ओठावर कन्सीलर फार टिकत नाही, म्हणून याहून जास्त झाकायला जाऊ नका. फरक मोठा असेल तर थोडा राहू द्या.

लायनर ओठांच्या मूळ रंगाचा किंवा एकच शेड गडद घ्या. गडद लायनरमध्ये फिकी लिपस्टिक भरली की कडेचं कडं तेवढं दिसतं. रेघ ओढून थांबू नका, लायनर थोडा आतपर्यंत भरा. लिपस्टिक पुसली गेली तरी नुसती चौकट उरत नाही.

गडद मॅट शेड पातळ ओठांना आणखी पातळ करते, कारण मध्यावर पडणारी चमक ती खाऊन टाकते. मध्यम शेडची सॅटिन लिपस्टिक लावा आणि खालच्या ओठाच्या मधोमध एक शेड फिकी बोटाने टेकवा. गडद मरूनच हवी असेल, तर त्या दिवशी कड ओलांडूच नका. त्या रंगात एवढासा फरकही ठळक दिसतो. ग्लॉस मध्यातच ठेवा, कडेपर्यंत गेला की लायनर घसरतो. बामचंही तेच: लायनरआधी तो टिश्यूने पूर्ण टिपून घ्या.