अ‍ॅपवर दिसणारा क्रिप्टोचा नफा खरंच हातात येईल का, हे कसं तपासावं

मित्राने फोन माझ्यापुढे धरला. भरलेले ८०,००० रुपये, आणि स्क्रीनवर ६,४०,०००. "फसवणूक असती तर मागच्या महिन्यात मी काढलेले चार हजार आले असते का?" त्याचा सवाल बिनतोड वाटत होता. म्हणून आम्ही त्या चार हजारांपासूनच सुरुवात केली, आणि तुम्हीही तिथूनच करा.

आधी बँकेचं स्टेटमेंट उघडा आणि पैसे कुणाच्या खात्यातून आले ते नाव वाचा. मित्राचे चार हजार एका ट्रॅव्हल्सच्या चालू खात्यातून आले होते, आणि त्याने भरलेले पैसे गेले होते एका कापड दुकानाच्या नावावर. क्रिप्टो एक्स्चेंजचा या दोघांशी काय संबंध? अशी खाती भाड्याने घेतलेली असतात. पोलिसांच्या भाषेत म्यूल खाती. तुम्हाला आलेले चार हजार बहुधा दुसऱ्याच कुणी भरलेले असतात. त्याने तक्रार केली, तर माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक ती रक्कम, कधी अख्खं खातंच, गोठवते. खऱ्या एक्स्चेंजवरही पीटूपी, म्हणजे दोन ग्राहकांमधल्या थेट, व्यवहारात खासगी माणसाच्या खात्यातून पैसे येतात, पण तिथे समोरच्याचं नाव आधी दिसतं आणि ते बँकेतल्या नावाशी जुळावं लागतं.

पुढची पायरी म्हणजे मुद्दल मागणे. नवीन एक रुपयाही न भरता, भरलेली पूर्ण रक्कम काढायची विनंती टाका. चार-पाच हजारांची चाचणी काहीच सिद्ध करत नाही, कारण तेवढं परत देणं हा त्यांच्या धंद्यातला जाहिरातखर्च असतो. ८०,००० परत दिले तर मात्र त्यांच्या हाती काही उरत नाही.

पैसे क्रिप्टोतच मिळतील असं सांगितलं, तर यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं, स्वतःच्या वॉलेटवर मागवा. त्यांनीच दिलेल्या दुव्यावरून उतरवलेल्या वॉलेटवर नको. 'पाठवले' असा मेसेज आला की व्यवहाराचा हॅश, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, मागा. ट्रॉन या ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवहीवर, पाठवले असतील तर तो tronscan.org वर टाकून पाहा. पाठवलेली रक्कम, वेळ आणि तुमचा पत्ता तिथे दिसायला हवा. दिसला नाही, तर 'नेटवर्क बिझी आहे' ही थाप समजा. स्क्रीनवरचे ६,४०,००० हे त्यांच्या सर्व्हरवर कुणीतरी लिहिलेला आकडा आहे. ब्लॉकचेनवरची नोंद त्यांना अशी लिहिता येत नाही.

मित्राला 'सपोर्ट'वाल्या बाईचं उत्तर आलं: नफा ५,६०,०००, त्यावर ३० टक्के कर म्हणजे १,६८,००० आधी भरा, मग पूर्ण रक्कम मोकळी होईल. ही मागणी पटते, कारण आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर (वर सेस) खरोखरच आहे, २०२२ पासून. पण तो आपण आयकर खात्याकडे भरायचा असतो, एक्स्चेंजकडे नाही. एक्स्चेंज कापते तो १ टक्का टीडीएस. तो विक्रीच्या रकमेतूनच जातो आणि पुढे आपल्या पॅनवर, आयकर खात्याच्या नोंदीत, दिसतो. मित्राला मी एवढंच लिहायला सांगितलं: "शिलकीतूनच कापून घ्या." त्यावर आलं, "सिस्टीममध्ये तशी सोय नाही." सहा लाख खरंच जमा असते, तर दीड लाख बाहेरून कशाला मागितले असते? 'सिक्युरिटी डिपॉझिट', 'वॉलेट अपग्रेड', 'मनी लाँडरिंग तपासणी फी' ही त्याच मागणीची दुसरी नावं.

भारतात सेवा देणाऱ्या एक्स्चेंजला केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते, तीही पाहा. मात्र नोंदणी असलेल्या नावाची नक्कल करणारी अ‍ॅपं असतात, त्यामुळे वेबसाइटचा पत्ता अक्षर न् अक्षर तपासा. शिवाय खऱ्या एक्स्चेंजचाही दरवाजा बंद होऊ शकतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्सने आणि जुलै २०२४ मध्ये मोठ्या चोरीनंतर आपल्याकडच्या वझीरएक्सने पैसे काढणं थांबवलं होतं. आज मुद्दल निघालं, म्हणजे आज निघालं, एवढंच.

मुद्दल अडलं, तर वाद घालण्यात दिवस घालवू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. प्रत्येक भरण्याचा यूटीआर क्रमांक, समोरच्या खात्यांची नावं आणि चॅटचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा; पैसे म्यूल खात्यातून पुढे सरकण्याआधी अडवता आले तरच काही हाती लागतं. आमच्या मित्राने तक्रार केली आणि आठवड्याभरात त्याला बुडालेले पैसे सोडवून देतो म्हणणारा एक 'रिकव्हरी एजंट' भेटला. त्यालाही फी आगाऊच हवी होती.