स्टिक ड्रिफ्ट: कंट्रोलर उघडण्याआधी आणि उघडल्यावर या चुका टाळा

"मामा, मी हातसुद्धा लावत नाहीये, तरी हा पुढे चालतोय." भाच्याने पीएस५ चा कंट्रोलर माझ्यासमोर टेबलावर ठेवला. टीव्हीवर त्याचा खेळाडू हळूहळू भिंतीकडे सरकत होता. कंट्रोलर दीड वर्षाचा, वॉरंटी संपलेली. डाव्या स्टिकच्या बुडाशी त्याने आधीच दोनदा सॅनिटायझर सोडलं होतं.

हात न लावता होणारी ही हालचाल म्हणजे ड्रिफ्ट. तो सुरू झाला की बहुतेक जण असंच काहीतरी ओततात. पण आधी स्टिक नेमकी काय बिघडली आहे ते पाहायला हवं. त्याला पाच मिनिटं लागतात आणि पुढचा सगळा निर्णय त्यावर ठरतो.

गेम बघून निदान करू नका

बहुतेक गेममध्ये कमी-जास्त डेडझोन असतो, म्हणजे मध्याभोवतीची तेवढी हालचाल गेम मोजतच नाही. म्हणून तोच कंट्रोलर एका गेममध्ये ठणठणीत वाटतो आणि दुसऱ्यात पळत सुटतो. खरी स्थिती आकड्यांत दिसते. कंट्रोलर यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा, ब्राउझरमध्ये कुठलंही गेमपॅड टेस्टर पान उघडा आणि कंट्रोलरचं एक बटण दाबा. तिथे प्रत्येक अक्षाचा आकडा -1 ते 1 च्या दरम्यान दिसतो. डाव्या स्टिकचा आडवा अक्ष 0 क्रमांकाचा आणि उभा अक्ष 1 क्रमांकाचा. उभ्या अक्षात वजा म्हणजे वर, हे लक्षात ठेवा.

कंट्रोलर टेबलावर ठेवून हात काढून घ्या. आकडा अगदी 0 वर नसला तरी घाबरू नका. चांगल्या स्टिकमध्येही शेकड्यात दोन-चार इतका फरक असतो. आता स्टिक वर ढकलून सोडा, मग खाली, डावीकडे, उजवीकडे. दर वेळी सोडल्यावर थांबलेला आकडा लिहून ठेवा. आठ-दहा नोंदी झाल्या की चित्र स्पष्ट होतं.

आकडा मध्यापासून दूर, पण दर वेळी त्याच जागी स्थिर असेल तर बहुधा कॅलिब्रेशन, म्हणजे कंट्रोलरने लक्षात ठेवलेला मध्य, सरकलेलं असतं. वर ढकलून सोडल्यावर एक आणि खाली ढकलून सोडल्यावर दुसराच आकडा येत असेल, तर स्टिक मध्यावर नीट परतत नाही. स्प्रिंग सैल झाली आहे किंवा बुडाशी चिकट घाण साचली आहे. आणि हात न लावता आकडा थरथरत असेल, तर दोष आतल्या सेन्सरमध्ये आहे.

भाच्याच्या कंट्रोलरचा आडवा अक्ष शांत होता. उभा अक्ष मात्र -0.05 ते -0.16 दरम्यान सतत उड्या मारत होता. म्हणजे प्रश्न एकाच अक्षाचा होता आणि तो सेन्सरचा होता.

वरून ओतलेलं तिथवर पोचत नाही

या स्टिकच्या मॉड्यूलला शेजारच्या दोन बाजूंना दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या अक्षाचा, एक उभ्याचा. स्टिक हलली की आतली चकती फिरते आणि तिच्यावरचे धातूचे बारीक टोक कार्बनच्या पट्टीवरून घासत जाते. ते टोक पट्टीवर कुठे टेकलं आहे, त्यानुसार व्होल्टेज बदलतं. धूळ, घर्षणाने निघालेली पूड आणि पट्टीची झीज या तिन्ही गोष्टी पोटेन्शिओमीटरच्या छोट्या डबीच्या आत असतात. टोपीच्या फटीतून सोडलेला थेंब आधी मॉड्यूलच्या मधल्या भागात उतरतो, डबीत फारच थोडा शिरतो. त्यामुळे कधी दोन दिवस बरं वाटतं, आणि पुन्हा तेच.

सॅनिटायझरमध्ये पाणी आणि बहुधा ग्लिसरीन असतं. अल्कोहोल उडून जातं, मागे चिकट थर राहतो. घरातल्या बिजागरीला मारायचा तेलकट स्प्रेही नको, त्याच्या तेलावर धूळ आणखी बसते. 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात ते आयपीए म्हणून मिळतं. खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको.

कंट्रोलर उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढण्याचं. मग बिघडलेल्या अक्षाची डबी शोधा: स्टिक वर-खाली हलवताना जी चकती फिरते, ती उभ्या अक्षाची. डबीचं बाहेरचं झाकण, जे बहुतेक वेळा हिरवं असतं, ते सोल्डर केलेल्या तीन पिनांवरच उभं असतं. कार्बनची पट्टी याच झाकणाच्या आतल्या बाजूला असते. पातळ चपट्या स्क्रूड्रायव्हरने खाच सोडवून ते जेमतेम चकती निघेल इतकंच बाहेर कलवा. इथे घाई केली की पिना मोडतात. दर महिन्याला उघडून पुसणाऱ्यांच्या पिनाही अशाच थकून तुटतात.

आयपीएत किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पट्टी आणि धातूचं टोक हलक्या हाताने पुसा. टोक वाकवू नका. पट्टीवरचा त्याचा दाब बदलला की नवा दोष तयार होतो. पूर्ण वाळू द्या, अर्धा तास तरी, आणि मगच बॅटरी जोडा.

पट्टीकडे उजेडात बघा

डबी उघडली आहे तर टॉर्च लावून पट्टी बघून घ्या. हा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि खरं उत्तर तिथेच असतं. नुसती काळी पूड असेल तर सफाई टिकेल. भाच्याच्या कंट्रोलरमध्ये पूड पुसल्यावर खाली, बरोबर मध्याच्या जागी, एक फिकट चकचकीत ओरखडा दिसला. कार्बनच घासून गेलेला होता. स्टिक सर्वांत जास्त वेळ मध्याच्या आसपास असते, म्हणून झीज तिथेच होते.

सफाईनंतर आकडा -0.02 ते -0.04 वर आला. भाचा खूश झाला, पण मी त्याला आठवड्याने पुन्हा तपासायला सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात आकडा -0.12 पर्यंत गेला. घासलेला कार्बन अल्कोहोलने परत येत नाही, म्हणून पुन्हा पुसण्याऐवजी मॉड्यूल बदलायचं ठरवलं.

अशा वेळी डेडझोन वाढवून दिवस ढकलता येतात, पण त्याने बारीक नेम जातो आणि झीज चालूच राहते. स्थिर दोषात तो उपाय ठीक आहे, थरथरणाऱ्या स्टिकमध्ये नाही.

बदलायचं, पण काय?

मॉड्यूलला एकूण 14 सोल्डर जोड असतात: दोन पोटेन्शिओमीटरचे सहा, बटणाचे चार आणि पकडीचे चार. ते एकदम उपटायला गेलं की बोर्डवरचे तांब्याचे पॅड निघून येतात, आणि मग बोर्डच जातो. जुनं मॉड्यूल कटरने तुकडे करून काढावं आणि पिना एकेक करून सोडवाव्यात. सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर हे काम दुकानात द्या. मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करणारा हे सहज करतो.

जागेवर तसाच पोटेन्शिओमीटर बसवता येतो, किंवा चुंबकावर चालणारा हॉल इफेक्टचा. दुसऱ्यात सेन्सरचे भाग एकमेकांना घासत नाहीत, त्यामुळे ही झीज होत नाही. सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये हे तंत्र 1998 मध्येच होतं. पण त्यातलीही स्प्रिंग सैल होऊ शकते. आणि कुठलंही मॉड्यूल बसवलं तरी पीएस५ च्या कंट्रोलरला त्याचा नवा मध्य शिकवावा लागतो. हे कॅलिब्रेशन राहिलं की नव्या स्टिकमध्येही ड्रिफ्ट दिसतो आणि माणूस मॉड्यूलला दोष देतो. दुकानात कंट्रोलर द्यायच्या आधीच विचारा: "कॅलिब्रेट करून देणार ना?"

कंट्रोलर वॉरंटीत असेल तर यातलं काहीच करू नका, बिल घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. वॉरंटी संपली असेल आणि एकच स्टिक बिघडली असेल, तर मॉड्यूल बदलणं परवडतं. दोन्ही स्टिक गेल्या, बॅटरी तासाभरात बसते आणि चार्जिंग पोर्टही सैल आहे, अशी अवस्था असेल तर दुरुस्तीचा पैसा नव्या कंट्रोलरमध्ये घाला.

भाच्याचा कंट्रोलर आम्ही ओळखीच्या दुकानात दिला आणि त्याच दिवशी संध्याकाळी परत मिळाला. टेस्टरवर उभा अक्ष 0.01 वर शांत होता. स्टिक चारही दिशांना ढकलून सोडली, तरी आकडा तिथेच परत आला.