ब्लॉकला लागलेला चेंडू मोजला जातो: इनडोअरमधून वाळूवर येताना या चुका टाळा

सोलापुरात व्हॉलीबॉल खेळणारी बहुतेक पोरं शाळेच्या मैदानावर, सहा जणांच्या संघात तयार झालेली असतात. नेट तेच, चेंडूही तसाच दिसतो, म्हणून वाळूवर दोघांनी उतरायचं म्हटलं की वाटतं, फक्त चार माणसं कमी झाली. मीही तसंच समजून उतरलो होतो. पहिल्याच सामन्यात ज्या चुकीनं सेट गेला, ती आजही नव्या जोड्यांकडून होताना बघतो, म्हणून आधी तीच सांगतो.

पहिला सेट, 19-19. समोरच्यानं जोरात स्मॅश मारला. मी ब्लॉकला उडालो होतो, चेंडू माझ्या बोटांच्या टोकांना घासून मागे उंच गेला. जोडीदारानं तो अंडरहँडनं नेटजवळ सुरेख आणून दिला, मी सेट केला आणि त्यानं कोपऱ्यात असा मारला की समोरचे दोघे जागचे हलले नाहीत. आम्ही टाळ्या देत होतो, तेवढ्यात शिट्टी. पंचांनी चार बोटं वर केली होती. फोर हिट्स! 20-19 आणि पुढच्या सर्व्हिसला सेट संपला.

इनडोअरमध्ये ब्लॉकला झालेला स्पर्श तीन टचमध्ये धरत नाहीत. ब्लॉकनंतरही पास, सेट आणि स्मॅश असे पूर्ण तीन टच मिळतात. बीचवर ब्लॉकचा स्पर्श हाच पहिला टच. नखाला चाटून गेला तरी पहिला. त्यानंतर दोनच उरतात. म्हणजे आमचा पास दुसरा होता, माझा सेट तिसरा आणि तो देखणा स्मॅश चौथा.

नियम पाठ असून भागत नाही, कारण मागे उभ्या असलेल्या जोडीदाराला बोटाला लागलं की नाही हे बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून ब्लॉकरनं जमिनीवर यायच्या आत "टच!" असं ओरडायचं. गप्प राहिलात तर चूक तुमची, मागच्याची नाही. आरोळी ऐकली की मागच्यानं पास देण्याचा विचार सोडायचा. त्याचा तो चेंडू म्हणजेच सेट, म्हणून तो नेटपासून साधारण एक-दीड मीटर आत आणि भरपूर उंच हवा. ब्लॉकर तेवढ्या वेळात वळतो, दोन पावलं मागे येतो आणि मारतो. चेंडू वेडावाकडा गेलाच, तर तिसरा टच कसाही करून पलीकडे ढकलायचा.

यातली एक सवलत मात्र इनडोअरवाले वापरतच नाहीत. ब्लॉकला लागलेला चेंडू ब्लॉकर स्वतःच लगेच पुन्हा खेळू शकतो. तो दुसरा टच धरला जातो. चेंडू ब्लॉकवरून आपल्याच डोक्यावर उडाला की आमची पोरं हात आखडून जोडीदाराकडे बघत बसतात, आणि तो बिचारा सहा मीटर मागे असतो. तुमच्या डोक्यावर आहे ना, मग तुम्हीच उचलून द्या.

प्रत्येक चेंडूला ब्लॉक नको

सहा जणांत ब्लॉक चुकला तरी मागे माणसं असतात. इथं अर्धं कोर्ट 8 बाय 8 मीटरचं आणि मागे एकटा माणूस. समोरचा सेट नेटपासून लांब पडला किंवा मारणारा धडपडतोय असं दिसलं, तर उडू नका. लगेच मागे धावा आणि दोघं मिळून कोर्ट वाटून घ्या. सर्व्हिसपूर्वी ब्लॉकर पाठीमागे बोटं दाखवतो ती यासाठीच: एक बोट म्हणजे सरळ रेषेतला फटका अडवणार, दोन बोटं म्हणजे तिरका, मिटलेली मूठ म्हणजे ब्लॉक नाही. डावा हात डावीकडच्या खेळाडूसाठी, उजवा उजवीकडच्यासाठी. रेषा ब्लॉकरनं घेतली की मागच्यानं तिरक्या बाजूला उभं राहायचं. दोघंही एकाच बाजूला आढळले, तर खूण बघितली नाही असं समजा.

आणि प्लेसिंग! इनडोअरमध्ये ब्लॉकवरून बोटांच्या टोकांनी चेंडू अलगद टाकतो, ते बीचवर फाऊल आहे. बोटं दुमडून सांध्यांनी ढकला किंवा तळहाताच्या टाचेनं मारा.

वाळू किती आणि कसली

आपल्याकडे समुद्र नाही, त्यामुळे वाळू आणून टाकावी लागते, आणि इथं हिशेब हमखास चुकतो. कोर्ट 16 बाय 8 मीटर, वाळू किमान 40 सेंटीमीटर खोल. एवढ्यावर मागणी दिली तर साधारण 18 ब्रास येते. पण चारी बाजूंना किमान 3 मीटर मोकळी जागा लागते आणि तिथेही तेवढीच खोल वाळू हवी. 22 बाय 14 मीटर धरलं की 123 घनमीटर, म्हणजे जवळपास 44 ब्रास होतात. पैसे वाचवायला फक्त रेषांच्या आत वाळू भरलेलं एक कोर्ट मी पाहिलंय. चेंडूमागे धावणाऱ्याचा पाय बाहेर कडक जमिनीवर पडायचा आणि घोटा मुरगळायचा.

बांधकामाची क्रश सँड घेऊ नका. तिचे कण टोकदार असतात, सूर मारला की कोपर सोलून निघतं, आणि तिच्यातली भुकटी पाणी पडल्यावर घट्ट बसते. चाळलेली, धुतलेली, गोल कणांची वाळू हवी. तपासायला काचेच्या बरणीत अर्धी वाळू, वर पाणी घालून जोरात हलवा आणि तासभर ठेवून द्या. वर मातीचा जाड थर बसला तर ती वाळू परत पाठवा. खाली आपली काळी माती, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. तिच्यावर थेट वाळू टाकली तर एक-दोन पावसाळ्यांत दोन्ही मिसळतात. खडीचा थर, त्यावर पाणी झिरपू देणारं जाड कापड आणि मग वाळू, असं करा. एप्रिल-मेमध्ये दुपारची वाळू तळपाय भाजते. सकाळी नाहीतर सूर्य कलल्यावर, पाणी शिंपडून खेळा.

वाळूत लांब पल्ल्याची उडी मारली की पाय रुततो आणि चेंडू डोक्यामागे जातो. शेवटची पावलं आखूड ठेवा, सरळ वर उडा आणि निघायला थोडा उशीर करा.

गुण मोजताना

सेट 25 चा नाही, 21 चा. तीनपैकी दोन जिंकायचे, तिसरा 15 चा, आणि प्रत्येक वेळी दोन गुणांची आघाडी हवी. गोंधळ होतो तो बाजू बदलण्यात. दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज सातच्या पाढ्यात आली की बदलायचं. 4-3 ला बदल, 8-6 ला बदल. आपले सात झाले का, हे बघायचं नसतं. तिसऱ्या सेटमध्ये दर पाच गुणांनी. संध्याकाळी सूर्य एका बाजूच्या डोळ्यांवर येतो, त्यामुळे एक बदल विसरलात तर नुकसान थेट गुणांत होतं. सरावात गुण सांगणाऱ्यानं बेरीजही मोठ्यानं म्हणावी: "आठ-सहा, चौदा, बदला."

कोर्टवर कुठं उभं राहायचं याला बंधन नाही, पण सर्व्हिसचा क्रम ठरलेला असतो. तो चुकला की गुण समोरच्याला.

एवढं करूनही पास हातावरून उसळत असेल, तर चेंडूतली हवा बघा. इनडोअरच्या चेंडूत दर चौरस सेंटीमीटरला 0.30 ते 0.325 किलो दाब असतो, बीचच्या चेंडूत 0.175 ते 0.225. तोच जुना टणक चेंडू घेऊन वाळूवर सराव केलात, तर स्पर्धेतला चेंडू हाताला अनोळखी लागेल.