डिझाईन रिव्ह्यू लिहिताना टेबल कुठं आणि परिच्छेद कुठं: या चुका टाळा

रिव्ह्यूची मिटिंग संपली की ज्याचं टायपिंग बरं त्याच्या गळ्यात मिनिट्स पडतात, आणि तो बिचारा एक्सेल उघडतो नाहीतर वर्ड उघडतो, जे आधी हाताला लागेल ते. टेबल का परिच्छेद हा निर्णय तिथंच होऊन जातो, कुणी विचार करून घेतलेलाच नसतो. दोन वर्षांनी नवीन पोरगा ती फाईल उघडतो तेव्हा त्याला काय निवडलं ते कळतं, का निवडलं ते कळत नाही, नाहीतर कारणं सगळी सापडतात पण आकडा नेमका कोणता धरायचा ते कळत नाही.

उदाहरण एकच घेतो, शेवटपर्यंत तेच चालवू. वाळूज एमआयडीसीत स्टार्टर पॅनल बनवणारं छोटं युनिट आहे असं धरा, माल जातो गंगापूर, अंबड, गेवराईकडच्या बोअरवर. पाच एचपीच्या थ्री फेज सबमर्सिबलसाठी नवीन पॅनल करायचंय आणि रिव्ह्यूचा मुद्दा एवढाच की ड्राय रन कसं ओळखायचं. उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली गेलं आणि पंप कोरडा फिरायला लागला की मोटर थंड ठेवणारं पाणीच राहत नाही, बुश जातात, वाइंडिंग जळतं, म्हणून पॅनलनं मोटर आधीच बंद करायला पाहिजे. पर्याय तीन होते: बोअरमध्ये लेव्हल प्रोब सोडायचा, करंट कमी झाला की ट्रिप करायचं, किंवा पॉवर म्हणजे किलोवॅट कमी झाली की ट्रिप करायचं. मिटिंगमध्ये तिसरा ठरला. आता हे लिहायचं कसं.

पहिली चूक: कारणाला मार्क देऊन टेबलात बसवणं

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार हाच. तीन पर्यायांच्या तीन ओळी, खर्च, भरवसा, बसवायला सोपं, सर्व्हिस असे चार कॉलम, प्रत्येकाला पाचपैकी मार्क आणि शेवटी टोटल. प्रोब १०, करंट ११, पॉवर १२. पॉवर जिंकला. दिसायला लई भारी, साहेबालाही आवडतं.

आता दोन वर्षांनी पर्चेसवाला म्हणतो प्रोब स्वस्त झालाय. नवीन इंजिनिअर फाईल उघडतो, प्रोबला खर्चात १ मार्क दिसतो, तो त्याचे ४ करतो, टोटल होते १३. प्रोब जिंकला. त्याचं काही चुकलं का? कागदावर जे होतं त्याप्रमाणे तर बरोबरच केलं त्यानं.

खरं म्हणजे मिटिंगमध्ये प्रोब पडला तो किमतीमुळं पडलाच नव्हता. सर्व्हिसवाल्या दादांनी मधेच एक गोष्ट सांगितली होती आणि तिथंच विषय संपला होता, पण ती गोष्ट "भरवसा: २" एवढ्यात गायब झाली. ती अशी लिहायला पाहिजे होती:

"प्रोब नाकारला. किंमत हे कारण नाही. बोअरचं पाणी जड असलं की काही महिन्यांत प्रोबवर क्षार चढतात आणि पाणी असूनही पॅनलला ते दिसत नाही. पंप वर काढताना प्रोबची वायर केसिंगला घासून तुटते. पॅनल सारखं ट्रिप व्हायला लागलं की शेतकरी वैतागून प्रोबच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकतो आणि त्या दिवसापासून प्रोटेक्शन नसल्यातच जमा. क्षार न धरणारा आणि बोअरमध्ये जादा वायर न लागणारा सेन्सर मिळाला तर हा विषय पुन्हा घ्यावा."

पाच-सहा ओळी, पण एकाला एक जोडलेल्या आहेत. क्षार, मग खोटं ट्रिप, मग वैताग, मग वायर जोडणं. ही साखळी कोणत्याच सेलमध्ये बसत नाही कारण सेलला शेजारच्या सेलशी बोलता येत नाही. शेवटचं वाक्य पण बघा, निर्णय कधी पुन्हा उघडायचा ते त्यात आहे. पर्चेसवाल्याच्या स्वस्त प्रोबला तिथंच उत्तर मिळतं.

मार्कांचं टेबल वाईट आहे असं म्हणत नाही मी. प्यू मॅट्रिक्स सारखी पद्धत मिटिंगमध्ये कामाची असते, कुठला पर्याय कुठं लंगडा आहे ते पटकन दिसतं. पण ती फळ्यावर भांडायला ठीक आहे. टोटललाच निर्णय म्हणून फाईलमध्ये ठेवलं की घोटाळा.

ओळखायचं कसं? टेबलाच्या सेलमध्ये "पण", "कारण", "जर" असले शब्द यायला लागले, किंवा सेलमधला मजकूर तीन ओळींच्या वर गेला, की समजायचं तो मजकूर परिच्छेदाचा आहे, उचलून बाहेर काढा.

दुसरी चूक: मोजलेले आकडे वाक्यात पेरणं

आता उलटी बाजू. करंट का नाही आणि पॉवर का, हे कुणीतरी असं लिहितं: "४१५ व्होल्टला पंप पूर्ण पाण्यात ९ अँपिअर घेतो आणि कोरडा ५.५, ड्रिपचा एकच व्हॉल्व्ह चालू असेल तर ७.१, पण ४४० ला कोरड्याचा ६.६ होतो आणि ड्रिपचा ६.९, तर ३५० ला पूर्ण पाण्यात १० पर्यंत जातो..." वाचणारा तिसऱ्या आकड्याला हरवतो, आणि हरवला की जो आकडा डोळ्यात भरला तोच उचलतो. एकाच गोष्टीचे आकडे वेगवेगळ्या परिस्थितीत येत असतील तर ते टेबलच आहे, तुम्ही मानो न मानो. (आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमच्या पंपाचे तुम्ही मोजा.)

| पंपाची स्थिती | व्होल्टेज | करंट (अँपिअर) | पॉवर (किलोवॅट) |
|---|---|---|---|
| पूर्ण पाणी | ३५० | १०.० | ५.१ |
| पूर्ण पाणी | ४१५ | ९.० | ५.२ |
| पूर्ण पाणी | ४४० | ८.६ | ५.१ |
| ड्रिपचा एकच व्हॉल्व्ह | ३५० | मोजलं नाही | मोजलं नाही |
| ड्रिपचा एकच व्हॉल्व्ह | ४१५ | ७.१ | ३.६ |
| ड्रिपचा एकच व्हॉल्व्ह | ४४० | ६.९ | ३.६ |
| कोरडा | ३५० | ४.५ | १.४ |
| कोरडा | ४१५ | ५.५ | १.४ |
| कोरडा | ४४० | ६.६ | १.४ |

पण टेबल टाकून मोकळं व्हायचं नाही. टेबलाखाली ते कशासाठी बघायचं हे लिहावंच लागतं, नाहीतर नवीन माणूस त्यातून भलताच अर्थ काढतो. तो ४१५ च्या ओळी बघेल, म्हणेल ५.५ आणि ७.१ च्या मधे ६.३ ला ट्रिप ठेवलं की झालं, करंटवाला सर्किट स्वस्त पडतो, पॉवर मोजायची कशाला. टेस्ट बेंचवर ते चालेल पण. फॅक्टरीत ४१५ च येतं ना.

म्हणून खाली परिच्छेद: "करंट नाकारला. शेतीची लाईट रात्रीच्या पाळीला असली आणि फीडरवर लोड कमी असला की व्होल्टेज ४४० पर्यंत चढतं. व्होल्टेज चढलं की मोटरचा मॅग्नेटायझिंग करंट वाढतो, त्यामुळं कोरडा पंपही ६.६ घेतो, आणि ६.३ वर लावलेला ट्रिप लागतच नाही. ट्रिप वर सरकवायचा म्हटलं तर ड्रिपचा एकच व्हॉल्व्ह चालू असताना पंप ६.९ च घेतो, म्हणजे चांगला चालणारा पंप बंद पडेल. मॅग्नेटायझिंग करंट काम करत नाही म्हणून तो किलोवॅटमध्ये जवळपास दिसत नाही. पॉवरमध्ये कोरडा आणि ड्रिप यांच्यात तिन्ही व्होल्टेजला पुरेसं अंतर राहील असं धरलंय, ३५० ला ड्रिपचं मोजमाप बाकी आहे."

टेबलानं आकडे सांभाळले, परिच्छेदानं त्यातल्या कोणत्या दोन ओळी एकमेकींशेजारी ठेवून बघायच्या ते सांगितलं, ४४० कोरडा आणि ४४० ड्रिप. निर्णय त्या दोन ओळींमधल्या ०.३ अँपिअरवर झालाय, बाकीच्या सात ओळी असून नसून सारख्याच. हे टेबल स्वतःहून कधीच सांगत नाही, त्याला सगळ्या ओळी सारख्याच.

तिसरी: रिकामा सेल

ही छोटी आहे पण फार नडते. वरच्या टेबलात ३५० व्होल्ट ड्रिपची ओळ बघा. तिथं कुणी डॅश मारला असता तर त्याचे तीन अर्थ निघाले असते: मोजलं नाही, लागू नाही, किंवा मोजलं आणि शून्य आलं. परिच्छेदात गाळलेली गोष्ट दिसत नाही, टेबलात दिसते, टेबलाचा हा मोठाच फायदा आहे, आणि डॅश मारून आपण तो घालवतो. "मोजलं नाही" असं सरळ लिहा. ओळच उडवून टेबल नीटनेटकं करणारे पण असतात, ते तर करूच नका.

चौथी: एकच आकडा दोन जागी

ट्रिपची सेटिंग २.३ किलोवॅट ठरली. ती सेटिंगच्या टेबलात लिहिली, परत परिच्छेदातही लिहिली, परत शेवटी "ठरलेले मुद्दे" मध्येही लिहिली. वर्षभरानं फील्डवरून तक्रारी आल्या म्हणून कुणीतरी २.० केली, टेबलात बदलली आणि परिच्छेद तसाच राहिला. आता खरं कोणतं? पुढचा माणूस बहुतेक वेळा परिच्छेदावर विश्वास ठेवतो कारण तिथं कारण पण लिहिलेलं असतं, आणि तोच जुना निघतो.

बदलू शकणारा आकडा एकाच जागी, टेबलात, तारखेसकट. परिच्छेदात "ट्रिप सेटिंग, टेबल २ ची पहिली ओळ" एवढंच. पण ज्या मोजमापावरून वाद मिटला, ते ६.६ आणि ६.९, ते परिच्छेदात राहू द्या, कारण ते त्या दिवसाचे पुरावे आहेत, ते नंतर बदलत नसतात. नवीन मोजमाप आलं तर तारीख टाकून नवीन ओळ, जुनीवर ओव्हरराईट करायचं नाही.

जुनी फाईल हातात आलीये आणि त्यात नुसते मार्कच आहेत, तर?

हे लई जणांचं होतं. पहिला मोह असा होतो की टोटल बघून आपणच कारणं रचायची, "पॉवर मेथड जास्त भरवशाची असल्यानं निवडली" वगैरे. असलं वाक्य लिहिण्यापेक्षा जागा मोकळी बरी, कारण तुमचा अंदाज पुढच्याला इतिहास वाटणार. मिटिंगला जे होते त्यातलं कुणी अजून कंपनीत असेल तर फोन करा, आणि "पॉवर का निवडली" असं नका विचारू, त्याला सगळे तेच ठरलेलं उत्तर देतात. विचारा की प्रोब कुणी नको म्हटलं आणि काय बघून म्हटलं. माणसाला भांडण आठवतं, मार्क आठवत नाहीत. जे कळेल ते परिच्छेदात लिहा, वर टाका "मिटिंगनंतर विचारून लिहिलेलं", तारीख, आणि सर्व्हिसवाल्यांनी सांगितलं का डिझाईनवाल्यांनी तेही. मार्कांचं टेबल पुसू नका, खाली तसंच राहू द्या, फक्त टोटलचा कॉलम काढा, म्हणजे कुणी परत बेरीज करून प्रोब जिंकवायला बसणार नाही.